पॉलिपची छायाचित्रे : दहा मिलिमीटरची सीमारेषा

कोलोनोस्कोपीच्या अहवालासोबत चार-सहा रंगीत छायाचित्रे जोडलेली असतात. बहुतेक घरांत ती न पाहताच फाइलमध्ये जातात. वस्तुतः मोठ्या आतड्याच्या आतील आवरणावर वाढलेली गाठ, म्हणजे पॉलिप, कशी काढावी आणि पुढील तपासणी केव्हा करावी, याचा बराचसा निर्णय याच चित्रांतून आकारास येतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अठ्ठावन्न वर्षांच्या एका कापड व्यापाऱ्याची तपासणी झाली. घराण्यात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास नाही. तीन पॉलिप आढळले.

पहिला गुदाशयाजवळचा, चार मिलिमीटरचा, भोवतालच्या आवरणाहून किंचित फिकट. डॉक्टरांनी दुर्बिणीचा प्रकाश बदलून निळा-हिरवा केला. हा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते. त्यामुळे जेथे सूक्ष्म रक्तवाहिन्या दाट, तेथे पृष्ठभाग तपकिरी दिसतो. येथे तपकिरी छटा नव्हती, वाहिन्यांची जाळीही नव्हती, केवळ बारीक ठिपके होते. असा पॉलिप बहुधा हायपरप्लास्टिक, म्हणजे निरुपद्रवी असतो.

दुसरा आडव्या आतड्यातील, सहा मिलिमीटरचा. तोच प्रकाश टाकताच तो तपकिरी झाला आणि त्यावर लांबट, नळीसारख्या पांढुरक्या रेषा उमटल्या. प्रत्येक रेषेभोवती तपकिरी वाहिन्यांची किनार. हे अॅडिनोमाचे लक्षण. अॅडिनोमा म्हणजे कर्करोग नव्हे. परंतु त्यांपैकी काही अनेक वर्षांनी त्या वाटेने जाऊ शकतात, म्हणून तो काढतात. एवढ्या लहान पॉलिपासाठी विजेची आवश्यकता नसते. तारेचा बारीक फास टाकून, भोवतालच्या निरोगी आवरणाच्या किंचित काठासह तो कापला जातो.

तिसरा उजव्या बाजूच्या आतड्यात, तसाच तपकिरी. डोळ्यांनी पाहता तो अकरा मिलिमीटरचा वाटला. येथेच खरा प्रश्न उभा राहिला. दुर्बिणीचे भिंग जितके जवळ, तितकी वस्तू मोठी दिसते. चित्रावर मोजपट्टी नसते. शिवाय अंदाजाने मोजताना मनुष्यस्वभाव दहा, वीस अशा पूर्ण आकड्यांकडे झुकतो. डॉक्टरांनी पंधरा मिलिमीटर रुंदीचा फास पूर्ण उघडून पॉलिपाशेजारी धरला. पॉलिप त्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक भरला. अर्थात सुमारे आठ मिलिमीटर.

तीन मिलिमीटरच्या या फरकाने काय बदलले? सूक्ष्मदर्शक तपासणीत दोन्ही साधे नलिकाकार अॅडिनोमा ठरले. अमेरिकेतील तज्ज्ञसंस्थांच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार दहा मिलिमीटरपेक्षा लहान असे एक-दोन अॅडिनोमा पूर्ण काढले गेले असतील, तर पुढील कोलोनोस्कोपी सात ते दहा वर्षांनी. त्यांपैकी एक जरी दहा वा अधिक मिलिमीटरचा असता, तर तीन वर्षांनी. त्याच वर्षीचे युरोपीय मार्गदर्शन याहूनही सौम्य आहे : असे चारपर्यंत लहान अॅडिनोमा असल्यास वेगळ्या पाठपुराव्याची गरज ते मानत नाही, जेथे नियमित चाळणीची सोय नाही, तेथे दहा वर्षांनी तपासणी सुचवते. भीतीपोटी दरवर्षी कोलोनोस्कोपी करवून घेणे हा म्हणून निव्वळ अपव्यय होय. तपासणीला स्वतःचे, अल्प का होईना, धोके आहेत.

सगळेच पॉलिप इतके सरळ नसतात. सपाट, अस्पष्ट कडांचे, चिकट श्लेष्म्याची टोपी घातलेले पॉलिप विशेषतः उजव्या बाजूस आढळतात. ते फिकट असल्याने निरुपद्रवी भासतात. तरीही काढावेच लागतात. वीस मिलिमीटर वा अधिक रुंदीचा सपाट पॉलिप खाली द्रव टोचून, उचलून, अनेकदा तुकड्यांनी काढतात. मग सहा महिन्यांनी त्या व्रणाची तपासणी होते, कारण काठाला उरलेला कण पुन्हा वाढू शकतो. आणि पृष्ठभागावरील नक्षी विस्कटलेली, वाहिन्या तुटक वा नाहीशा, रंग गडद असेल, तर रोग खोलवर शिरल्याचा संशय बळावतो. तेथे फास टाकत नाहीत. नमुना घेऊन रुग्णास शल्यचिकित्सकाकडे पाठवतात.

हे सारे आतडे स्वच्छ असेल तरच. मळाच्या थराखाली सहा मिलिमीटरचा पॉलिप सहज लपतो. सफाई अपुरी असल्यास वर दिलेली वर्षे लागू होत नाहीत आणि तपासणी सहसा वर्षाच्या आतच पुन्हा करावी लागते. रेचकाची मात्रा दोन भागांत, दुसरा भाग तपासणीपूर्वी चार ते सहा तास घेतल्यास सफाई उत्तम होते. चौविहार पाळणाऱ्यांनी दुपारची वेळ मागून घ्यावी : पहिला भाग सूर्यास्तापूर्वी, दुसरा सूर्योदयानंतर बसवता येतो का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे.

अहवाल हाती आल्यावर प्रत्येक पॉलिपाची जागा, मिलिमीटरमधील आकार, तो अखंड काढला की तुकड्यांनी, आणि सफाईचा शेरा एवढे त्यात लिहिलेले आहे का, ते पाहावे. सूक्ष्मदर्शक तपासणीचा अहवाल काही दिवसांनी येतो. पुढील तारीख तो पाहूनच निश्चित होते.