ऑल्टकॉइनच्या तेजीतील थकवा आणि पैसा-प्रवाह निर्देशांक : एक विवेचन

प्रस्तावना :

बिटकॉइनव्यतिरिक्त अन्य आभासी चलनांना ऑल्टकॉइन असे म्हणतात. डोजकॉइन हे त्यांपैकीच एक होय. 2021च्या आरंभी एका सेंटहूनही स्वस्त असलेले हे चलन 8 मे 2021 रोजी 70 सेंटच्या वर गेले आणि जूनअखेर 30 सेंटच्या खाली आले. अशा तेजीत केवळ किमतीचा आलेख पाहणाऱ्यास खरेदीचे बळ ओसरत असल्याचे उशिरा कळते. किंमत आणि उलाढाल यांचा एकत्रित विचार करणारा पैसा-प्रवाह निर्देशांक येथे उपयोगी पडतो. जीन क्वाँग व अव्रम सौडॅक हे त्याचे जनक होत.

गणनपद्धती :

दिवसाचा उच्चांक, नीचांक व बंद भाव यांची सरासरी म्हणजे प्रातिनिधिक किंमत. तिला त्या दिवशी विकल्या गेलेल्या नाण्यांच्या संख्येने गुणले असता पैसा-प्रवाह मिळतो. प्रातिनिधिक किंमत आदल्या दिवसापेक्षा वाढल्यास तो धन, घटल्यास ऋण मानतात. सामान्यतः 14 दिवसांच्या एकूण प्रवाहात धन प्रवाहाचे शेकडा प्रमाण म्हणजे निर्देशांक होय.

उदाहरण :

एक काल्पनिक नाणे घेऊ. उच्चांक 54, नीचांक 45 व बंद भाव 51 सेंट असल्यास प्रातिनिधिक किंमत 50 सेंट येते. 20 लाख नाण्यांच्या उलाढालीवर त्या दिवसाचा प्रवाह 10 लाख डॉलर होतो. या पहिल्या शिखराशी 14 दिवसांचा धन प्रवाह 168 लाख व ऋण प्रवाह 32 लाख डॉलर असेल, तर निर्देशांक 84 येतो. पुढे भाव 44 सेंटपर्यंत उतरून 60 सेंटवर नवे शिखर गाठतो. परंतु आता धन प्रवाह 124 लाख व ऋण प्रवाह 76 लाख डॉलर आहे. निर्देशांक 62 ठरतो. भाव चढला, पण त्यामागील पैशाचे बळ घटले. ही विसंगतीच थकव्याची खूण होय. केवळ 80 ही पातळी ओलांडली म्हणून विक्री करणे मात्र योग्य नव्हे, कारण जोमदार तेजीत निर्देशांक दीर्घकाळ तेथे टिकू शकतो. भाव मधल्या 44 सेंटच्या खाली बंद झाल्यावरच थकव्यास पुष्टी मिळते.

मर्यादा :

अनेक संकेतस्थळे उलाढाल नाण्यांत न देता डॉलरमध्ये देतात. तिला पुन्हा किमतीने गुणल्यास किंमत दोनदा मोजली जाते व महागड्या दिवसांना अवाजवी महत्त्व मिळते. दुसरे असे की, काही बाजारमंचांवर एकच व्यक्ती स्वतःशीच व्यवहार करून उलाढाल फुगवते. असे व्यवहार चढत्या दिवशी झाल्यास धन प्रवाह वाढतो आणि खरा थकवा झाकला जातो. म्हणून एकाहून अधिक मंचांवरील आकडे स्वतंत्रपणे पडताळावेत. विसंगती एकाच मंचावर दिसत असेल, तर ती संशयास्पद समजावी.

निष्कर्ष :

हा निर्देशांक घसरणीचा दिवस सांगत नाही. वाढत्या किमतीस पैशाचा आधार कितपत उरला आहे, एवढेच तो दर्शवितो. उलाढालीचे आकडे विश्वसनीय नसतील, तर हा बोधही निरर्थक ठरतो.