सल्फेट-फ्री घेण्याआधी टाळू तपासा

स्मूदनिंग करून पार्लरमधून निघताना एक सूचना हमखास मिळते: यापुढे सल्फेट-फ्री शाम्पूच वापरा. सूचना चुकीची नाही, पण ती केसांच्या लांबीकडे पाहून दिलेली असते. शाम्पूचं खरं काम असतं टाळूवर. तिथे तेल सुटतं, घाम साचतो आणि खाजही तिथेच येते.

नेहमीच्या शाम्पूच्या बाटलीमागे बहुधा सोडियम लॉरिल सल्फेट किंवा सोडियम लॉरेथ सल्फेट लिहिलेलं असतं. त्यांच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, म्हणून तेल पाण्याबरोबर वाहून जातं. लॉरिल जास्त कडक, लॉरेथ त्या मानाने सौम्य. बहुतेक शाम्पूंमध्ये जोडीला कोकामिडोप्रोपिल बेटाइन घालतात, त्याने कडकपणा आणखी कमी होतो. त्यामुळे सल्फेट असलेली प्रत्येक बाटली केस कोरडे करणारी, असं सरसकट म्हणता येत नाही. उलट सल्फेट-फ्रीमध्येही फरक आहेत. कोको ग्लुकोसाइड किंवा सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट हे हलक्या हाताने धुणारे घटक आहेत, पण सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट नावापुरतं सल्फेट नाही, तेल मात्र जवळपास तितकंच काढतं. बाटलीची पुढची बाजू जाहिरात असते; वाचायची ती मागची, आणि तिथलीही पाण्यानंतरची पहिली दोन-तीन नावं.

आता एक उदाहरण घेऊ. मुंबईत नोकरी करणारी तरुणी, केस बारीक आणि सरळ, टाळू तेलकट, रोज लोकलचा प्रवास. केसांच्या टोकांना रोज सेरम, कपाळाजवळचे भुरभुरणारे केस बसवायला जेल, आणि रविवारी आईच्या आग्रहाने खोबरेल. स्मूदनिंगनंतर तिने सौम्य सल्फेट-फ्री शाम्पू घेतला आणि केस जपायचे म्हणून आठवड्यातून दोनदाच धुवायला लागली. काही आठवड्यांत केस वाळले तरी मुळाशी चिकट राहू लागले, डोकं खाजू लागलं, नखात पांढुरकं मेण यावं तसं काही येऊ लागलं. तिला वाटलं, हा शाम्पू सोसला नाही.

शाम्पूचा दोष थोडाच होता. टाळूचं तेल आणि खोबरेल एकावर एक साचत होतं. सेरममधलं डायमेथिकोन हे सिलिकॉन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नुसत्या पाण्याने ते हलत नाही. त्यावर जेलचा पापुद्रा. एवढं सगळं आठवड्यातून दोनदा सौम्य शाम्पूच्या एका हाताने निघणं कठीणच. वारंवार धुतल्याने टाळू जास्त तेल सोडते, ही समजूतही तिच्या आड आली. तेल किती सुटायचं ते मुख्यतः हार्मोन ठरवतात.

अशा वेळी आधी बाटली बदलू नये, धुण्याचे दिवस वाढवावेत. तोच सौम्य शाम्पू एक दिवसाआड, आणि दोनदा लावून. पहिल्या वेळी फेस येत नाही कारण तो तेलातच खर्ची पडतो, दुसऱ्या वेळी यायला लागतो. खोबरेल लावल्यानंतरच्या धुण्याला मात्र नेहमीचा सल्फेटवाला शाम्पू, तोही बोटांनी फक्त टाळूवर. लांबीवरून फेस ओघळतो तेवढा पुरे. कंडिशनर आणि सेरम कानाच्या खाली. स्मूदनिंगवर किंवा रंगावर याचा थोडा परिणाम होईल हे खरं, पण रंग उतरण्यात नुसत्या पाण्याचाही मोठा वाटा असतो.

कोरडे, कुरळे केस असलेल्या आणि आठवड्यातून एकदाच न्हाणाऱ्या बाईचं गणित उलटं. तिला सौम्य शाम्पू पुरतो. कुरळे बसवायला क्रीम आणि जेल भरपूर लावत असेल, तर महिन्यातून एखाद्या वेळी नेहमीचा शाम्पू वापरून साचलेलं काढावं.

आपली टाळू कोणती, हे घरीच कळतं. डोक्यावरून अंघोळ केल्याच्या दुसऱ्या दिवशी टिश्यू पेपर डोक्याच्या मधोमध आणि कानामागे दाबून पाहा. तेलाचा स्पष्ट डाग पडला तर टाळू तेलकट. डाग नाही, पण नळाखाली केस भिजायलाच वेळ लागतो आणि दुसऱ्यांदा शाम्पू लावूनही फेस धड येत नाही, तर साचलंय ते जेल-सेरम.

कोंड्याची गल्लत इथेच होते. साचलेला थर दोन-तीन वेळा नीट धुतल्यावर जातो. त्यानंतरही पापुद्रे आणि खाज राहिली तर तो बहुधा कोंडा, आणि त्याला सल्फेट असण्या-नसण्याने फरक पडत नाही. त्यासाठी केटोकोनाझोलसारखा औषधी शाम्पू लागतो, आणि तो लावून लगेच धुवायचा नसतो. तीन ते पाच मिनिटं टाळूवर राहू द्यावा लागतो. टाळू लाल होत असेल किंवा केस चकत्यांनी जात असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.