मित्रामागून भूमिगत

१६ मार्च १९७८ रोजी रोममध्ये 'रेड ब्रिगेड्स'ने पाच अंगरक्षकांना ठार करून इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांना पळवलं. ५५ दिवसांनी त्यांचा मृतदेह मोटारीच्या डिकीत सापडला.

अशा संघटनांत माणसं शिरतात कशी? समाजशास्त्रज्ञ दोनातेल्ला देल्ला पोर्ता यांनी इटलीतल्या १,२१४ जणांची माहिती तपासली. ८४३ जणांचा कुणी ना कुणी मित्र आधीच भूमिगत होता. बेकारी आणि सरकारवरचा राग लाखोंच्या वाट्याला आला होता. त्यामुळे निव्वळ गरिबीवर बोट ठेवणारं स्पष्टीकरण तोकडंच पडतं.

गुन्ह्याला नाव देणं त्याहून अवघड. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सुचवलेला दहशतवादविरोधी सर्वंकष करार अजून रखडला आहे: मुक्तिलढे आणि सरकारी सैन्याची हिंसा व्याख्येत धरायची का, यावर देशांचं जमत नाही.