‘कपात’ या शब्दात किती माणसं मावतात?

बार्शी लाइट रेल्वेची नोटीस

मिरज ते लातूर अशी कुर्डुवाडीमार्गे धावणारी बार्शी लाइट रेल्वे ही एका खासगी कंपनीची अरुंद रुळांची गाडी होती. १ जानेवारी १९५४ पासून ती सरकारने ताब्यात घेतली. त्याआधी, नोव्हेंबर १९५३ मध्ये कंपनीने सगळ्या कामगारांना नोटीस दिली, की ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर तुमची नोकरी संपली. दुसऱ्या दिवशी बहुतेक जण त्याच गाडीवर, फक्त सरकारच्या नोकरीत होते. तरी जुनी कंपनी आपल्याला नुकसानभरपाई देणं लागते, असा त्यांचा दावा होता, आणि तो उभा होता एका शब्दावर. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये तेव्हा नुकताच, ऑक्टोबर १९५३ मध्ये, ‘कामगार कपात’ या शब्दाची व्याख्या घालण्यात आली होती.

कोर्टात आणि युनियनच्या कचेरीत सगळे ‘रिट्रेंचमेंट’च म्हणतात, पण इथे मी ‘कपात’ म्हणतो. कपात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? माल खपत नाही, एक पाळी बंद झाली, पन्नासातली दहा माणसं जादा ठरली आणि घरी गेली. अधिनियमातला शब्द मात्र तेवढाच नाही. अडचण तिथूनच सुरू होते.

व्याख्या काय म्हणते

कलम २, खंड (ओओ). साध्या मराठीत सांगायचं तर : शिस्तभंगाच्या कारवाईत दिलेली शिक्षा सोडून, मालकाने ‘कोणत्याही कारणास्तव’ कामगाराची सेवा संपुष्टात आणणे म्हणजे कपात. त्यानंतर यात काय येत नाही ते दिलं आहे : कामगाराने स्वेच्छेने घेतलेली निवृत्ती, करारात वय ठरलेलं असेल तर त्या वयाला झालेली निवृत्ती आणि सततच्या आजारपणामुळे संपवलेली सेवा. मुदतीच्या कराराचं नूतनीकरण न झाल्याने संपलेली नोकरी या यादीत १९८४ मध्ये आली.

इथे शब्द ‘म्हणजे’ असा आहे. त्याने दार बंद होतं, व्याख्येबाहेरचं काही आत आणता येत नाही. व्याख्येत ‘यात अमुकचाही समावेश होतो’ असं असतं, तेव्हा रोजचा अर्थ राहतोच आणि त्यात भर पडते. याच अधिनियमात ‘निवाडा’ या शब्दाला दोन्ही लावले आहेत : आधी त्याचा अर्थ सांगितला, मग लवादाचा निवाडाही त्यात धरला. व्याख्या वाचताना पहिली नजर या क्रियापदावर जायला हवी. निम्मे वाद तिथेच मिटतात.

न्यायालयाने आधी शब्द पाहिला

बार्शीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. बडोद्याच्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या कामगारांचं अपीलही त्याच्याबरोबर होतं. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, की चालू उद्योगातलं जादा मनुष्यबळ कमी करणं म्हणजे कपात. धंदाच खराखुरा बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती कपात नव्हे. ‘कोणत्याही कारणास्तव’ हे शब्द न्यायालयाने नाकारले नाहीत. जादा माणसं कमी करण्याचं कारण कोणतंही असो, एवढ्यापुरते ते वाचले. म्हणजे रोजच्या बोलण्यातली कपात आधी धरली आणि व्याख्या तिच्याभोवती गुंडाळली.

बार्शीचे कामगार हरले. संसदेने मात्र लगेच दुरुस्ती केली आणि ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून, लागू केली. उद्योगाच्या हस्तांतरासाठी कलम २५-एफएफ नव्याने लिहिलं आणि उद्योग बंद होण्यासाठी २५-एफएफएफ आणलं. या दोन्ही कलमांची भाषा बघण्यासारखी आहे. कामगाराला भरपाई मिळेल, ‘जणू त्याची कपात झाली आहे’ अशी. या ‘जणू’कडे पुढे पुन्हा यायचं आहे.

नऊ दिवसांची नेमणूक

वीस वर्षांनी, १९७६ मध्ये, स्टेट बँकेचा एक तात्पुरता कॅशियर, सुंदरा मनी, सर्वोच्च न्यायालयात आला. त्याची नेमणूक नऊ दिवसांची होती आणि नोकरी कधी संपणार ते नेमणुकीच्या पत्रातच लिहिलेलं होतं. अधूनमधून केलेले दिवस मोजले तर मात्र २४० भरत होते. बँकेचं म्हणणं, आम्ही कुणाला काढलंच नाही, मुदत आपोआप संपली. न्या. कृष्ण अय्यर यांनी व्याख्या अक्षरशः वाचली : ‘कोणत्याही कारणास्तव’ म्हणजे कोणत्याही. मुदत संपणं हेही कारणच, आणि ती मुदत मालकानेच पत्रात लिहिली.

पुढे परीक्षेत नापास झाली म्हणून काढलेली कर्मचारी आणि गैरहजेरीसाठी पटावरून नाव उडवलेला कामगार, दोघांनाही याच वाचनाचा फायदा मिळाला. १९९० मध्ये पंजाब जमीन विकास महामंडळाच्या प्रकरणात घटनापीठाने हा व्यापक अर्थ कायम केला. १९८४ ची कराराबद्दलची दुरुस्ती ही सुंदरा मनीसारख्या प्रकरणांना मालकांच्या बाजूने मिळालेलं उत्तर होतं, असं मला वाटतं. मुदतीच्या नोकऱ्या तिने व्याख्येच्या बाहेर काढल्या.

पेन्सिल घेऊन बसा

व्याख्या केलेला शब्द कलमात दिसला, की त्याच्यावर काट मारून वर व्याख्या लिहायची आणि वाक्य पुन्हा वाचायचं. एवढीच पद्धत. दिसायला पोरकट आहे, पण मनातला जुना अर्थ यानेच बाहेर पडतो.

एक उदाहरण घेऊ. एका कारखान्यात रोज ६०० रुपयांवर काम करणारा फिटर आहे, नोकरीला ४ वर्षं ७ महिने झाले. आईच्या आजारपणात तो वीस दिवस आला नाही. परतला तेव्हा गेटवर सांगितलं, नाव पटावरून काढलंय. आरोपपत्र नाही, चौकशी नाही. मालक म्हणतो, ‘कपात कसली? माणसं मला कमीच पडतात. तोच नोकरी सोडून गेला.’

आता कलम २५-एफ उघडा. वर्षभर अखंड सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची, तर कारणं देऊन महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई आणि सरकारला कळवणं, अशा अटी आहेत. ‘कपात’ खोडून व्याख्या घाला : ‘शिक्षा सोडून कोणत्याही कारणास्तव सेवा संपवायची, तर...’ मालकाला माणसं कमी पडतात की जादा होतात, हा प्रश्नच उरला नाही. उरतात दोन प्रश्न. सेवा मालकाने संपवली का? पटावरून नाव काढलं, म्हणजे संपवली. ती शिस्तभंगाची शिक्षा होती का? चौकशीच झालेली नाही, म्हणून नाही. कामगाराने खरोखर राजीनामा दिला असता, तर उत्तर वेगळं आलं असतं.

शेवटचं वर्ष सहा महिन्यांपेक्षा जास्त भरलं तर पूर्ण धरतात, म्हणून ४ वर्षं ७ महिन्यांची ५ वर्षं होतात. ७५ दिवस गुणिले ६०० म्हणजे ४५,००० रुपये, आणि नोटिशीचा पगार वेगळा. ही रक्कम कपातीच्या वेळीच द्यायची असते. नंतर तडजोडीत देऊ केली तर कपात नियमित होत नाही. इथे मालक दुसरी चाल खेळतो : काढलं ते गैरवर्तनासाठीच, असं कोर्टात म्हणतो. तसं असेल तर चौकशी हवी होती आणि गैरवर्तन आता न्यायालयात सिद्ध करावं लागेल. व्याख्येतून निसटायला जी वाट धरली, तिथे दुसरं ओझं वाट बघत असतं.

अट व्याख्येत आहे की कलमात?

शिकलेले वकीलही इथे चुकतात. ‘वर्षभर सेवा’, व्यवहारात आधीच्या १२ महिन्यांत २४० दिवस, ही अट २५-एफ मध्ये आहे, व्याख्येत नाही. म्हणून ‘२४० दिवस भरले नाहीत, सबब ती कपातच नव्हे’ हे वाक्य चूक. कपात ती आहेच, फक्त २५-एफ ची भरपाई मिळणार नाही.

याने फरक पडतो. कलम २५-एच सांगतं, की पुन्हा भरती करताना कपात झालेल्यांना आधी संधी द्या. तिथे वर्षाची अट नाही. सेंट्रल बँकेच्या १९९६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं : २५-एच मधली ‘कपात’ व्याख्येइतकीच रुंद आहे, २५-एफ ची अट तिथे नेता येत नाही. त्या कामगारांच्या हाती मात्र काही आलं नाही, कारण ते फार उशिरा आले होते.

व्याख्या कुठे थांबते

कलम २ ची सुरुवात बहुतेक जण वाचतच नाहीत. तिथे लिहिलंय, की विषयात किंवा संदर्भात प्रतिकूल असं काही नसेल तर हे अर्थ लागू. म्हणजे एखाद्या कलमात व्याख्या बसवल्यावर ते कलम निरर्थक होत असेल, तर तिथे तिला मुरड घालता येते.

आता ते ‘जणू’. उद्योग बंद झाल्यावर नोकरी जाते, ती अक्षरशः पाहिलं तर ‘कोणत्याही कारणास्तव’ मध्ये येईल. मग २५-एफएफएफ कशासाठी? मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने उद्योग बंद झाला तर त्या कलमाने भरपाईवर तीन महिन्यांच्या सरासरी पगाराची मर्यादा घातली आहे. बंदीला थेट कपात म्हटलं, तर ती मर्यादा पुसली जाते. म्हणून बंदी कपातीत मोजत नाहीत. भरपाईपुरतं तसं धरतात, तेही त्या कलमाच्या मापाने.

उलट, कलम सरळ चालत असताना केवळ परिणाम जड वाटतो म्हणून संदर्भाचा आधार घेणं मला पटत नाही. २५-जी म्हणतं, साधारणपणे शेवटी आलेल्याची कपात आधी करा. आपल्या फिटरला ते कसं लावायचं? त्याच्यासाठी संदर्भापर्यंत जायची गरजच नाही. ‘साधारणपणे’ हा शब्द आणि कारणं नोंदवून अपवाद करण्याची मुभा त्याच कलमात आहे.

तारीख आधी बघा

१९४७ च्या या अधिनियमाच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ‘कोणत्याही कारणास्तव’ तिच्या कपातीच्या व्याख्येतही आहे. मात्र ठरावीक मुदतीची नोकरी मुदत पूर्ण होऊन संपली, तर ती कपात नाही, हे आता स्वतंत्रपणे लिहिलं आहे, आणि कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. तेव्हा हातात कागद आला की नोकरी कोणत्या तारखेला संपली ते आधी बघा आणि त्या तारखेचा कायदा काढून त्यातली व्याख्या वाचा.