विश्लेषण : ॲप मुलांचे, फोन बाबांचा, मग पटवायचे कोणाला?

पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांत हंगामात रात्री उशिरापर्यंत काम चालते, तर रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत पाळ्या असतात. घरात एकच स्मार्टफोन असेल, तर तो कामावर जातो आणि संध्याकाळी परतल्यावर जेमतेम अर्धा तास मुलाच्या हाती लागतो. ‘अभ्यासाचे ॲप’ विकणाऱ्या कंपनीची सारी कसरत या अर्ध्या तासासाठी असते. फोन द्यायचा की नाही, हे पालक ठरवतात. त्यावर अभ्यास उघडायचा की कार्टून, हे मूल ठरवते.

बऱ्याच कंपन्या या दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. मुलाला खेळ आणि बक्षिसे, पालकांना मूल मागे पडण्याची भीती. ‘व्हाइटहॅट ज्युनियर’च्या जाहिरातींत कोडिंग शिकून गलेलठ्ठ पगार मिळवणारा ‘वुल्फ गुप्ता’ हा मुलगा झळकला होता. तो काल्पनिक निघाला. जाहिरात मानक परिषदेने (एएससीआय) आक्षेप घेतल्यावर २०२०मध्ये कंपनीला पाच जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. भीतीपोटी पालक एकदा पैसे भरतात, पण कंटाळलेले मूल ॲप उघडत नाही. हप्ते मात्र खात्यातून जात राहतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१मध्ये पालकांना दिलेल्या सूचनांत शुल्कासाठी ‘ऑटो डेबिट’ टाळा, असे म्हटले होते ते उगाच नाही.

याउलट उदाहरण गुगलच्या ‘बोलो’चे. मार्च २०१९मध्ये हे ॲप भारतात आले, पुढे ते ‘रीड अलाँग’ झाले आणि मराठीतही मिळू लागले. त्यात ‘दिया’ नावाचे पात्र मुलाला गोष्ट मोठ्याने वाचायला लावते, अडलेला शब्द उच्चारून दाखवते, नीट वाचल्यास तारे देते. गंमत इथेच आहे. मूल तारे मिळवण्यासाठी वाचते आणि तेच वाचन स्वयंपाकघरातल्या आईच्या कानावर पडते. मुलाचा खेळ हाच पालकांसाठी पुरावा ठरतो, वेगळ्या जाहिरातीची गरज उरत नाही. ॲप मोफत, जाहिरातींविना, एकदा गोष्टी उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवायही चालणारे. त्यामुळे डेटा संपण्याची तक्रारही नाही. उत्तर प्रदेशातील सुमारे २०० गावांत ‘असर सेंटर’च्या साथीने घेतलेल्या चाचणीत तीन महिन्यांत ६४ टक्के मुलांचे वाचन सुधारल्याचे गुगलने सांगितले होते. अर्थात, हा आकडा कंपनीने स्वतःच जाहीर केलेला.

या पद्धतीचीही एक मेख आहे. बक्षिसांची चटक लागली की मूल पाठ झालेली सोपी गोष्टच पुन्हा वाचू शकते. तारे वाढतात, वाचन तिथेच राहते. हे ओळखायला ॲपमधला तक्ता कामाचा नाही. मुलाने न पाहिलेला ‘बालभारती’चा एखादा परिच्छेद किंवा रोहा स्थानकातल्या एसटीवरची पाटी त्याला वाचायला द्यावी. तिथे ते अडखळले, तर ताऱ्यांची संख्या कितीही असो, पुढची गोष्ट त्याच्यासोबत बसून निवडावी लागेल.