अर्जातली नऊची खूण

'मी मेहनती आणि प्रामाणिक आहे,' हे वाक्य आर्टिकलशिपच्या बहुतेक अर्जांत सापडतं, त्यामुळे सीए ते वाचतसुद्धा नाहीत. बीकॉमला ५५ टक्के मिळवून थेट इंटरमीजिएटला बसलेला, दोन्ही ग्रुप सुटलेला उमेदवार आता दोन वर्षांच्या उमेदवारीसाठी अर्ज करतो. त्याने काय लिहावं?

अचूकपणा सांगायचा असेल, तर एक घडलेला हिशेब लिहावा. उदाहरणार्थ: 'काकांच्या दुकानाचा बँक ताळमेळ जुळवताना ९०० रुपयांचा फरक आला. रकमेला नऊने भाग जात होता, म्हणून अंकांची अदलाबदल शोधली. ५,४८० चा चेक वहीत ४,५८० असा चढला होता.' शेजारचे दोन अंक उलटले की फरकाला नऊने भाग जातोच. भाग गेला म्हणजे चूक हीच, असं मात्र नाही. एखादी नोंद राहूनही तेवढाच फरक पडू शकतो. म्हणून मूळ चेक पाहिल्याचंही लिहावं.

दमाचंही तसंच. नियमाने आठवड्याला ३५ तास असले, तरी कर-लेखापरीक्षणाची मुदत साधारण ३० सप्टेंबरची. त्याआधीचे आठवडे लांबतातच, आणि चुका संध्याकाळनंतर वाढतात. 'रात्री कितीही वेळ थांबेन' यापेक्षा 'संध्याकाळी टिपलेल्या बेरजा सकाळी पुन्हा तपासतो' हे वाक्य वजनदार.

अर्ज एका पानाचा ठेवा. आणि पाठवण्याआधी फर्मचं नाव नीट तपासा. तिथे चुकलात तर ताळमेळाची गोष्ट कुणी वाचणार नाही.