अष्टमीची कोर आणि ग्रहणाचा घास

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी घाट चढू लागले की सकाळी एक गोष्ट नेमकी दिसते. सूर्य पठाराच्या मागे, पूर्वेला उगवलेला असतो. पण कोकणाकडे तोंड करून उभी असलेली सह्याद्रीची भिंत अजून काळसरच असते आणि खाली सावित्रीच्या खोऱ्यातल्या वाड्यांवर ऊन उतरायला वेळ लागतो. वरवर पाहता दोन्हीकडे सावलीच. पण या दोन सावल्या एका जातीच्या नाहीत. डोंगराची कोकणाकडची बाजू काळोखी आहे, कारण तिची पाठ उन्हाकडे आहे. तिच्यावर दुसऱ्या कोणाचीही सावली पडलेली नाही. खोऱ्यातली घरे मात्र सावलीत आहेत, कारण त्यांच्या आणि सूर्याच्या मध्ये डोंगर उभा आहे.

चंद्राच्या कला आणि चंद्रग्रहण यांतला फरक एवढाच आहे. कला म्हणजे चंद्राची स्वतःची पाठमोरी, ऊन न लागलेली बाजू. ग्रहण म्हणजे दुसऱ्याची सावली. तरीही ‘चंद्र अर्धा का दिसतो?’ असे विचारले, तर शिकलेली माणसेही पटकन ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून’ असे सांगून मोकळी होतात. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का हे ताडून पाहायला दुर्बिणीची गरज नाही. 2025 सालच्या भाद्रपदाचे उदाहरण घेतले तर पुरते, कारण त्या एकाच महिन्यात कोकणातल्या प्रत्येक घराने चंद्राची सगळी रूपे पाहिली आणि शेवटी ग्रहणही पाहिले.

27 ऑगस्टला गणपती बसले. त्या संध्याकाळी पश्चिमेला चंद्राची बारीक कोर होती. चतुर्थीचा चंद्र पाहू नये म्हणून अनेकांनी तिकडे बघायचे टाळले असेल, पण ज्यांची नजर गेली त्यांना कोरीची उजळ बाजू मावळत्या सूर्याकडे वळलेली दिसली असणार. चार दिवसांनी, 31 ऑगस्टला, गौरी घरी आल्या. ती शुक्ल अष्टमी होती आणि चंद्र बरोबर अर्धा होता.

त्या संध्याकाळी सूर्य मावळताना आकाशात काय कुठे होते, ते नीट पाहू. सूर्य पश्चिमेला क्षितिजावर. अर्धा चंद्र दक्षिणेला. आता पृथ्वीची सावली कुठे असेल? सावली नेहमी दिव्याच्या विरुद्ध बाजूला पडते. सूर्य पश्चिमेला, म्हणजे पृथ्वीची सावली पूर्वेला, घाटाच्या माथ्यामागे नुकती वर येत असलेली. चंद्र आणि ती सावली यांच्यात पाव आकाशाचे, म्हणजे 90 अंशांचे अंतर होते. जी सावली चंद्राच्या आसपासही नाही, ती त्याचा अर्धा भाग झाकणार कशी?

ही पृथ्वीची सावली नुसती कल्पनाही नाही. स्वच्छ संध्याकाळी मोकळ्या पठारावरून सूर्यास्तानंतर लगेच पूर्वेकडे पाहिले, तर क्षितिजालगत निळसर-करडा पट्टा हळूहळू वर सरकताना दिसतो. आपल्याच पृथ्वीची ती हवेवर पडलेली सावली असते.

मग अष्टमीला अर्धा चंद्र का? चंद्राचा अर्धा गोल उन्हाने नेहमीच उजळलेला असतो, अगदी अमावास्येलाही. फक्त तो उजळ अर्धा भाग आपल्याला किती दिसतो, हे आपण कोणत्या बाजूने पाहतो त्यावर ठरते. अमावास्येला चंद्र सूर्याच्याच दिशेला असतो, त्यामुळे त्याची काळोखी पाठ आपल्याकडे असते. पौर्णिमेला तो सूर्याच्या समोर असतो आणि उजळ तोंड पूर्ण दिसते. अष्टमीला आपण त्याला बाजूने पाहतो, म्हणून अर्धे ऊन, अर्धा काळोख. संध्याकाळच्या उन्हात हातात लिंबू धरून स्वतःभोवती गिरकी घेतली, की लिंबावर या सगळ्या कला एकामागून एक दिसतात.

आपले पंचांग हेच मोजते. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर 12 अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. शुक्ल अष्टमी 84 अंशांना सुरू होते आणि 96 अंशांना संपते. बरोबर अर्धा चंद्र 90 अंशांना, म्हणजे अष्टमीच्या मध्यावर येतो. पौर्णिमा संपते तेव्हा हे अंतर 180 अंश झालेले असते. तिथीच्या हिशेबात पृथ्वीच्या सावलीचा कुठेही संबंध नाही.

पृथ्वीची सावली चंद्राला गाठू शकते ती केवळ पौर्णिमेला, कारण सूर्याच्या नेमके समोर येण्याची वेळ तीच. 7 सप्टेंबर 2025 च्या रात्री तसे झाले. विसर्जन आदल्याच दिवशी आटोपले होते. रात्री सुमारे 9 वाजून 57 मिनिटांनी पूर्ण चंद्राच्या कडेला काळा घास लागला. 11 वाजून 1 मिनिटाच्या सुमारास सगळा चंद्र सावलीत गेला आणि जवळपास 82 मिनिटे तांबूस होऊन राहिला. पहाटेपूर्वी, 1 वाजून 26 मिनिटांच्या सुमारास, तो सावलीतून पूर्ण बाहेर पडला.

या वेळांतच एक खूण दडली आहे. चंद्र आकाशात तासाला साधारण स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, म्हणून पहिला घास लागल्यापासून पूर्ण झाकला जाईपर्यंत तासभर लागला. कलांना मात्र अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरवडा लागतो. एका रात्रीत डोळ्यांदेखत आकार बदलत असेल तर ते ग्रहण. काल आणि आज यांत फरक पडत असेल तर ती कला.

दुसरी खूण आकाराची आहे. अष्टमीला उजेड आणि काळोख यांच्यातली रेघ सरळ असते, आणि एकादशी-द्वादशीला उजळ भाग बाहेरच्या बाजूला फुगलेला दिसतो. ग्रहणात तसे कधीच होत नाही. चंद्राच्या जागी पृथ्वीची सावली चंद्राच्या अडीच पटींहून जास्त रुंद असते आणि ती गोल असते. त्यामुळे तिची कड उजळ भागात नेहमी आत घुसलेली दिसते, भाकरीचा कोणी घास घेतल्यासारखी. त्या कडेला धारही नसते, ती धूसर असते. आणि चंद्र पूर्ण झाकला गेला तरी तो नाहीसा होत नाही. पृथ्वीभोवतीच्या हवेतून वाकून गेलेला थोडा उजेड त्याच्यावर पडतो. त्यातला निळा रंग वाटेत विखुरला जातो, तांबडा तेवढा पोहोचतो.

आता साहजिक प्रश्न येतो, की मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? कारण चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेशी सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. पाच अंश थोडे वाटतात, पण आकाशात चंद्राची रुंदी अर्धा अंशच आहे. म्हणजे हा फरक दहा चंद्र शेजारी शेजारी ठेवण्याएवढा झाला. बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. पुढच्याच महिन्यात, कोजागरीला, तसेच झाले आणि दुधात चंद्र पूर्ण दिसला. या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात, त्या दोन बिंदूंना आपल्याकडे राहू आणि केतू म्हणतात. पौर्णिमा या बिंदूंजवळ आली तरच चंद्रग्रहण, आणि अमावास्या तिथे आली तरच सूर्यग्रहण. हा मेळ साधारण सहा महिन्यांनी जमतो. म्हणूनच पुढचे चंद्रग्रहण 3 मार्च 2026 ला, फाल्गुन पौर्णिमेला आले. त्याचा बहुतेक भाग कोकणात चंद्रोदयापूर्वीच उरकला.

सूर्यग्रहणात भूमिका उलट होतात. अमावास्येचा चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये येतो आणि त्याची सावली पृथ्वीवर पडते. ही सावली लहान असते, त्यामुळे ग्रहण काही प्रदेशांतूनच दिसते. 21 सप्टेंबर 2025 च्या सर्वपित्री अमावास्येला सूर्यग्रहण होते, पण ते भारतात कुठेच दिसले नाही. उलट 25 ऑक्टोबर 2022 ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्रात सूर्य ग्रहण लागलेल्या अवस्थेतच मावळला. चंद्रग्रहणाला असे बंधन नाही. त्या वेळी चंद्र जिथे जिथे क्षितिजावर असतो, तिथे तिथे ते दिसते.

आर्यभटाने इसवी सन 499 च्या सुमारास हे कारण लिहून ठेवले होते: चंद्राला पृथ्वीची सावली झाकते आणि सूर्याला चंद्र झाकतो. तरी आजही ग्रहणाच्या रात्री घाटाखालच्या गावांत काय, शहरांत काय, गरोदर बाईला वेध लागल्यापासून उपाशी, कधी पाण्याविना बसवले जाते. 7 सप्टेंबरला वेध दुपारपासून होते, म्हणजे हा उपास बारा तासांच्या पुढे जातो. चंद्रग्रहणात चंद्रावरचे ऊन कमी होते, याखेरीज काहीही घडत नाही. आईच्या पोटापर्यंत पोहोचेल असे त्यात काही नाही. बाळाचा ओठ गर्भारपणाच्या पहिल्या दोन महिन्यांतच जुळतो. तो दुभंगलेला राहिला तर त्याची कारणे आनुवंशिकता, आईची काही औषधे, तंबाखू, फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता यांत शोधावी लागतात. सातव्या महिन्यात विळीला हात लावल्याने ओठ फाटत नाही. उलट दिवसभर पाणी न घेतल्याने गरोदर बाईला चक्कर येते, लघवी कमी होते आणि पोटात कळा येऊ शकतात. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी असा उपास केला तर साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर आणि गोंधळलेले बोलणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा गूळ द्यावा. गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा.

खरी काळजी घ्यायची असते ती सूर्यग्रहणात, आणि तीही डोळ्यांची. चंद्रग्रहण सुरुवातीपासून शेवटपर्यंत साध्या डोळ्यांनी बघायला हरकत नाही. सूर्याची मात्र बारीक कोर उरली तरी ती डोळ्याचा पडदा भाजते. पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून त्या वेळी काहीच जाणवत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो, अक्षरे वाकडी दिसतात. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल यांनी प्रकाश कमी वाटतो, पण न दिसणारे घातक किरण आत जातातच. आयएसओ 12312-2 हे मानक पाळणारा, ओरखडा नसलेला चष्मा वापरावा. तो नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून, सूर्याकडे पाठ करून, कागदावर पडलेली सूर्याची प्रतिमा पाहावी. 2 ऑगस्ट 2027 ला, दीप अमावास्येला, दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. पावसाळी ढगांच्या फटीतून सूर्य डोकावला, तरी त्याच्याकडे थेट पाहायचे नाही.